घरचं भांडण, अटक आणि सरकारी नोकरी

प्रश्न : मी शासकीय कार्यालयात लिपिक आहे, नोकरीला १४ वर्षं झाली. जमिनीच्या वाटणीवरून चुलत भावाशी मारामारी झाली, त्यात त्याचा हात मोडला. मला आणि माझ्या धाकट्या भावाला शुक्रवारी रात्री साडेनऊला अटक झाली. सोमवारी दुपारी जामीन झाला, संध्याकाळी सात वाजता सुटलो. मंगळवारी ऑफिसात गेलो तर हजेरीपटावर सही करू दिली नाही. आठवड्याने निलंबनाचा आदेश आला, तोही अटकेच्या तारखेपासून. आता पाच महिने होत आले. पोलिसांचं दोषारोपपत्र कोर्टात गेलंय. साहेब म्हणतात, निकाल लागेपर्यंत असंच बसावं लागेल, बडतर्फीही होऊ शकते. ऑफिसचा या भांडणाशी संबंध काय? कोर्टाने दोषी ठरवायच्या आत हे करता येतं का? धाकटा भाऊ खासगी कारखान्यात कामगार आहे. त्यालाही तोंडी सांगितलंय, 'उद्यापासून येऊ नकोस.'

उत्तर : निलंबित करता येतं. बडतर्फ मात्र नुसत्या अटकेवरून किंवा खटला चालू आहे एवढ्यावरून करता येत नाही. तुमचे साहेब या दोन गोष्टी एकाच दमात बोलतात, पण कायद्यात त्यांची घरं वेगळी आहेत. निलंबन ही शिक्षा नाही. नोकरी कायम राहते, फक्त काम काढून घेतलं जातं. म्हणूनच निलंबनासाठी आधी गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही आणि भांडण घरचं होतं की ऑफिसातलं, हेही तिथे फारसं पाहिलं जात नाही.

तुमचा आदेश मागच्या तारखेपासून का निघाला, ते आधी सांगतो, कारण बहुतेकांना तो बनाव वाटतो. तुम्हाला महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ लागू आहेत. त्यातल्या नियम ४(२) प्रमाणे कर्मचारी ४८ तासांपेक्षा जास्त काळ पोलीस किंवा न्यायालयीन कोठडीत राहिला, तर तो कोठडीत गेल्याच्या तारखेपासून निलंबित झाल्याचं मानलं जातं. याला मानीव निलंबन म्हणतात. इथे वरिष्ठांना विचार करायची मुभा फार उरत नाही. नंतर निघतो तो आदेश घडलेल्या गोष्टीची नोंद असते. तुमचे तास मोजा. शुक्रवार रात्री साडेनऊ ते सोमवार संध्याकाळी सात म्हणजे साडेएकोणसत्तर तास. जामिनाचा आदेश दुपारी झाला असला तरी तुम्ही प्रत्यक्ष सुटलात तो क्षण धरायचा, आणि दुपारपर्यंतच मोजले तरी ४८ तास उलटलेच होते. या मुद्द्यावर भांडण्यात अर्थ नाही. रविवारी संध्याकाळी सुटला असता तर मानीव निलंबन झालं नसतं. मग नियम ४(१) खाली, फौजदारी गुन्ह्याचा तपास चालू आहे म्हणून निलंबित करायचं की नाही, हे सक्षम अधिकाऱ्याने कारणं पाहून ठरवायला हवं होतं.

जामीन झाला की निलंबन आपोआप संपतं, हाही एक पक्का गैरसमज. केंद्राच्या अशाच नियमावर सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली राजीव कुमार प्रकरणात सांगितलं, की सुटका झाली तरी निलंबन मागे घेण्याचा आदेश निघेपर्यंत ते चालू राहतं. आपल्या नियम ४(५) मध्येही तेच आहे. तेव्हा मंगळवारी सही करू दिली नाही, त्यात कार्यालयाचं चुकलं नाही.

त्यांचं चुकतंय ते पुढे, आणि तुमची खरी बाजू तिथेच आहे. 'निकाल लागेपर्यंत असंच' हे वाक्य कायद्याला धरून नाही. अजय कुमार चौधरी प्रकरणात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की तीन महिन्यांत दोषारोपपत्र बजावलं नाही तर निलंबन त्यापुढे चालू ठेवू नये, आणि बजावलं असेल तर मुदतवाढीचा सकारण आदेश काढावा. त्यावरून राज्य शासनाने ९ जुलै २०१९ रोजी शासन निर्णय काढला. त्यात विभागीय चौकशी सुरू करून ९० दिवसांत दोषारोपपत्र बजावलं नाही, तर निलंबन संपवण्याशिवाय पर्याय राहत नाही, असं सांगितलं आहे.

आता इथे एक गोम आहे. तुमचं कार्यालय म्हणेल, दोषारोपपत्र तर कोर्टात दाखल झालंय. ते पोलिसांचं. शासन निर्णय बोलतो ते विभागाने तुमच्या हाती द्यायच्या दोषारोपपत्राबद्दल. ते ओळखायला सोपं असतं. सोबत जोडपत्र १ ते ४ असतात : दोषारोप, त्यांचा तपशील, कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची यादी. तुमच्या पत्रात अशा कागदांचा उल्लेख नाही, म्हणजे ते बहुधा मिळालेलं नाही. मग आजच सक्षम अधिकाऱ्याला अर्ज द्या. त्यात निलंबनाची तारीख, ९० दिवस कधी संपले ती तारीख, 'आजतागायत मला विभागीय दोषारोपपत्र बजावण्यात आलेले नाही' हे वाक्य आणि ९ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाचा हवाला, एवढंच लिहा. मारामारीत कोण चुकलं, हे त्यात लिहू नका. तो अर्ज उद्या फौजदारी खटल्यात तुमच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो. आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे ठेवा. दाद मिळाली नाही तर नियमांप्रमाणे अपील आणि त्यानंतर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, असा रस्ता आहे.

अर्ज दिला की हातोहात खुर्ची मिळेल, असं मात्र समजू नका. गुन्हा किती गंभीर आहे, साक्षीदारांवर दबाव येईल का, हे पाहिलं जातं, आणि ९० दिवसांचा नियम न्यायाधिकरणही प्रत्येक प्रकरणात डोळे मिटून लावत नाही. पण तुमच्याबाबतीत साक्षीदार नातलग आणि शेजारी आहेत, ऑफिसच्या फायलींशी खटल्याचा संबंध नाही, तेव्हा तुम्हाला टेबलापासून दूर ठेवून सरकारचा काय फायदा, हा प्रश्न जोरात विचारता येतो. घेतलं तरी दुसऱ्या कार्यालयात किंवा अकार्यकारी पदावर घेतील. ते पद स्वीकारा.

बडतर्फीचं सांगतो. संविधानाच्या अनुच्छेद ३११(२) नुसार आरोप कळवून, चौकशी करून, म्हणणं मांडायची वाजवी संधी दिल्याशिवाय तुम्हाला बडतर्फ करता येत नाही. खटला चालू असताना विभाग स्वतःची चौकशी करू शकतो का? करू शकतो. वर्तणूक नियमांत शासकीय कर्मचाऱ्याला अशोभनीय वर्तन करायला मनाई आहे आणि ते ऑफिसच्या भिंतींपुरतं मर्यादित नाही. पण दोषारोप कृत्याचा हवा, अटकेचा नव्हे. 'आपणास अमुक तारखेस अटक झाली' हा गैरवर्तनाचा आरोपच होत नाही. 'आपण चुलत भावास मारहाण करून हात मोडला' हा होतो, आणि मग तो विभागाला साक्षीपुराव्याने सिद्ध करावा लागतो. अशी चौकशी सुरू झालीच, तर पॉल अँथनी प्रकरणातला १९९९ चा निकाल वकिलाला दाखवा. दोन्हीकडे तीच हकिगत, तेच साक्षीदार असतील, आरोप गंभीर असेल आणि त्यात कायद्याचे व वस्तुस्थितीचे गुंतागुंतीचे प्रश्न असतील, तर खटल्यात तुमचा बचाव उघडा पडू नये म्हणून चौकशी थांबवून मागता येते. मिळेलच असं नाही.

एका गोष्टीपासून मात्र जपा. कोर्टाच्या आवारात कुणीतरी सांगेल, 'कलम कमी करून घेऊ, गुन्हा कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा.' तुमच्यासाठी ही सुटका नाही. कबुली म्हणजे दोषसिद्धी, आणि दोषसिद्धी झाली की अनुच्छेद ३११ मधली चौकशीची ढाल गळून पडते. कोणत्या वर्तनामुळे दोषसिद्धी झाली ते पाहून विभाग चौकशीविना बडतर्फ करू शकतो. वरच्या कोर्टात अपील आहे, शिक्षेला स्थगिती आहे, याने ते थांबत नाही. १९९५ च्या नागूर मीरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. चुलत भाऊ मिटवायला तयार असेल तर वकिलाला कलमं दाखवा. तडजोडपात्र कलम असेल तर कोर्टात तडजोड होते आणि तिचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच असतो. हत्याराने गंभीर दुखापतीचं कलम लागलं असेल तर ते तडजोडपात्र नाही. मग दोघांच्या संमतीने उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून मागावा लागतो.

पैशाचं. निलंबनात पहिले तीन महिने अर्धवेतनी रजेइतका निर्वाह भत्ता आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो. समजा मूळ वेतन ४०,००० रुपये आहे, तर २०,००० आणि त्यावरचा महागाई भत्ता. तीन महिन्यांनंतर, लांबण तुमच्यामुळे नसेल तर भत्ता ५० टक्क्यांपर्यंत वाढवता येतो, म्हणजे २०,००० चे ३०,००० पर्यंत. ही वाढ कार्यालय आपणहून करेल याची वाट पाहू नका, वरच्या अर्जासोबत वेगळा अर्ज द्या. दरमहा 'दुसरीकडे नोकरीधंदा करत नाही' असं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते चुकलं की भत्ता अडतो. आणि निर्दोष सुटलात तर मधला सगळा पगार मिळेल, हे गृहीत धरून कर्ज काढू नका. खटला विभागाने उभा केलेला नाही, तो तुमच्या खासगी आयुष्यातून उभा राहिला आहे. अशा वेळी निर्दोष सुटल्याने थकीत पगाराचा हक्क आपोआप मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये जयपाल सिंग प्रकरणात म्हटलं आहे. निलंबनाचा काळ कसा धरायचा, ते सक्षम अधिकारी ठरवतो.

धाकट्या भावाचं प्रकरण वेगळं आहे आणि एका अर्थी जास्त बरं. त्याला तुमचे नियम लागू नाहीत. त्याच्या कारखान्याचे स्थायी आदेश, म्हणजे कामगारांच्या सेवाशर्तींचे मंजूर नियम, लागू असतील तर त्यात गैरवर्तन म्हणून जे लिहिलंय तेवढंच गैरवर्तन. शिस्तभंगाचं कलम तिथे बहुधा 'आस्थापनेच्या आवारात' या शब्दांनी बांधलेलं असतं. ग्लॅक्सो लॅबोरेटरीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा शब्दांचा अर्थ ताणून बाहेरची भांडणं त्यात बसवायला नकार दिला. निलंबित करायचं तर लेखी आदेश हवा, आणि चौकशी होईपर्यंत पहिले ९० दिवस निम्मं आणि पुढे, लांबण त्याच्यामुळे नसेल तर, ७५ टक्के वेतन हवं. 'येऊ नकोस' हे धड निलंबनही नाही आणि बडतर्फीही नाही. धोका असा, की तो घरी बसला की महिनाभराने कंपनी लिहून मोकळी होईल : 'कामगार न कळवता गैरहजर राहिला, नोकरी सोडून गेला.' म्हणून त्याने उद्याच गेटवर जावं, आत घेतलं नाही तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पोचपावतीसह कंपनीला कळवावं, की मी अमुक वाजता कामावर हजर झालो, मला आत घेतलं नाही, मी काम करायला तयार आहे. त्याची एक प्रत कामगार आयुक्त कार्यालयात द्यावी, आणि टपालाची पावती जपून ठेवावी.