‘शासनमान्य’ म्हणजे नेमकी कोणाची मान्यता?

प्रश्न : मुलगी बारावी आर्ट्स पास झाली. सोलापुरातल्या एका इन्स्टिट्यूटच्या पत्रकावर ‘शासनमान्य नर्सिंग कोर्स, कालावधी १ वर्ष, नोकरीची हमी’ असं छापलंय. पैसे भरायच्या आधी ईमेल करून विचारावं म्हणतो. काय लिहू? — एक पालक, मोहोळ

पत्रकावरचं ‘१ वर्ष’ आधी बघा. नर्स म्हणून काम करायचं तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी लागते. बारावीनंतर तिथपर्यंत नेणारे कोर्स तीन : एएनएम २ वर्षांचा, जीएनएम ३ वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग ४ वर्षांचा. एका वर्षात नर्स होत नाही. आर्ट्सच्या मुलीला एएनएमला प्रवेश मिळू शकतो, म्हणून घाईने भलतीकडे वळायचंही कारण नाही.

एक वर्षाचा किंवा काही महिन्यांचा कोर्स खोटाच असतो असं मात्र नाही. ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ हा रुग्णसेवेतल्या मदतनिसाचा खरा कोर्स आहे. रुग्णाला अंघोळ घालणं, भरवणं, बेड लावणं, व्हीलचेअरवरून नेणं ही कामं त्यात शिकवतात. हे काम सन्मानाचंच आहे. पण तो कोर्स ‘नर्सिंग’ म्हणून विकला, की मुलगी दोन वर्षांनी सरकारी भरतीचा फॉर्म भरताना नोंदणी क्रमांकाच्या रकान्यापाशी अडते. म्हणून मेलमध्ये असं लिहा :

> विषय : प्रवेशापूर्वी अभ्यासक्रम व मान्यतेची माहिती मिळण्याबाबत
>
> महोदय/महोदया,
> आपल्या पत्रकातील ‘नर्सिंग कोर्स’ला माझ्या मुलीचा चालू शैक्षणिक वर्षात प्रवेश घेण्याचा विचार आहे. पत्रकाचा फोटो सोबत जोडला आहे. कृपया पुढील माहिती कळवावी.
>
> प्रमाणपत्रावर कोर्सचे नाव नेमके काय छापले जाईल आणि ते कोणत्या संस्थेच्या सहीने मिळेल? अंतिम परीक्षा कोण घेते? या कोर्सनंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते का? ‘हो’ किंवा ‘नाही’ असे स्पष्ट कळवावे.
>
> आपल्या सोलापूरच्या पत्त्यासाठी, याच कोर्ससाठी व याच वर्षासाठी असलेल्या मान्यतापत्राची प्रत पाठवावी. प्रवेशक्षमता, तासांसह अभ्यासक्रम, प्रात्यक्षिकांच्या रुग्णालयाचे नाव, एकूण शुल्क आणि प्रवेश रद्द केल्यास शुल्क परतीचा नियमही कळवावा.
>
> उत्तर याच ईमेलवर लेखी मिळावे, ही विनंती.

मुलीचं आधार किंवा मार्कलिस्ट या मेलला जोडू नका. अजून प्रवेश घ्यायचाय, घेतलेला नाही.

प्रश्न : ताई, तुम्ही मागे सांगितलं तसा मेल केला. उत्तरात चार सर्टिफिकेटं आली : आयएसओ, उद्यम नोंदणी, ट्रस्टची नोंदणी आणि परिचर्या परिषदेचं पत्र. आता भरू का पैसे? — एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

पहिली तीन बाजूला ठेवा. आयएसओ ९००१ कार्यालयाच्या कामाच्या पद्धतीबद्दल असतं. उद्यम म्हणजे लघुउद्योग म्हणून नोंद. त्यावर भारत सरकारचं नाव असतं, तेवढ्यावर बरेच जण ‘भारत सरकार मान्य’ छापतात. ट्रस्टची नोंदणी म्हणजे संस्था अस्तित्वात आहे, इतकंच. यातला एकही कागद कोर्सबद्दल बोलत नाही.

चौथं पत्र मात्र नीट वाचा. गेल्या वर्षी बार्शीकडची एक मुलगी असंच पत्र घेऊन माझ्याकडे आली होती. पत्र अस्सल होतं. कोर्स एएनएम, जागा २०. पण पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला आणि शैक्षणिक वर्ष दोन वर्षांपूर्वीचं. सोलापुरातली जागा त्याच संस्थेची ‘शाखा’ म्हणून सांगितली होती. एका पत्त्याची मान्यता दुसऱ्या पत्त्याला चालत नाही. तिला परत मेल करायला लावला : ‘सोबतच्या पत्रावरील पत्ता वेगळा आहे. सोलापूरच्या पत्त्याचे पत्र पाठवावे.’ उत्तर आलं नाही, फोन मात्र तीन आले. आम्ही ते प्रवेशाचं प्रकरण तिथेच थांबवलं.

म्हणून पत्रात पाच गोष्टी बोट ठेवून वाचा : कोर्सचं नाव, पत्ता, वर्ष, प्रवेशक्षमता आणि पत्र देणारं कार्यालय. मग संस्थेने पाठवलेल्या लिंकवरून नव्हे, तर स्वतः परिचर्या परिषदेच्या वेबसाइटवर जाऊन मान्य संस्थांच्या यादीत नाव शोधा. शंका उरली तर परिषदेकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपये फी लागते आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. प्रवेशाची मुदत जवळ असेल तर हा अर्ज आजच टाका.

मदतनिसाचा कोर्स असेल तर परिचर्या परिषदेत शोधून उपयोग नाही. संस्थेला `HSS/Q5101` हा कोड विचारा. जनरल ड्युटी असिस्टंटचा तो कोड आहे आणि `nqr.gov.in` वर तपासता येतो.

प्रश्न : अभ्यासक्रम मागितला तर एका पानावर ‘ॲनाटॉमी, फर्स्ट एड, इंजेक्शन, सलाइन, कॉम्प्युटर, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट’ एवढंच आलं. हे एएनएमचं आहे का? — वाचक, अक्कलकोट

नाही. एएनएमचा अभ्यासक्रम संस्था स्वतः बनवत नाही, तो भारतीय परिचर्या परिषदेने ठरवलेला असतो. पहिल्या वर्षाला सामुदायिक आरोग्य परिचर्या, आरोग्य संवर्धन, प्राथमिक आरोग्य सेवा, बालआरोग्य. दुसऱ्या वर्षाला प्रसूतिशास्त्र आणि आरोग्य केंद्राचं व्यवस्थापन. शेवटचे ६ महिने इंटर्नशिप. तुम्हाला आलेल्या पानावर प्रसूतीचं नावच नाही. एएनएम म्हणजे गावातली प्रसूती आणि लसीकरण सांभाळणारी बाई. ते वगळून एएनएम होत नाही.

मी शिकवत होते तेव्हा मुलींचा खरा कस वर्गात नाही, वॉर्डात लागायचा. म्हणून रुग्णालयाच्या नावावर अडून बसा. ‘नामांकित हॉस्पिटलमध्ये प्रॅक्टिकल’ हे उत्तर घेऊ नका. नाव मिळालं की तिथे स्वतः जा. सिव्हिलचं नाव सांगितलं असेल तर तिथल्या मेट्रनच्या ऑफिसात विचारा, ‘या संस्थेच्या मुली इथे पोस्टिंगला येतात का?’ पाच मिनिटांत कळतं.

प्रश्न : मेलला उत्तर नाही, पण फोनवर म्हणाले, ‘कागद ऑफिसात दाखवू, आज ५,००० भरून सीट बुक करा, टीसी आणि मार्कलिस्टची ओरिजिनल आणा.’ जाऊ का? — पंढरपूर

बघायला जा, पैसे आणि ओरिजिनल घरी ठेवून. कागद दाखवले तर फोटो काढू द्या म्हणा. परतल्यावर त्याच मेलखाली लिहा : ‘आज आपल्या कार्यालयात मला अमुक सांगण्यात आले. यात चूक असल्यास कळवावे.’ फोनवरचं बोलणं हवेत विरतं, हे मात्र तारखेसह राहतं. ओरिजिनल टीसी एकदा अडकली की दुसरीकडे प्रवेश घेता येत नाही. फी सोडून द्यायची आईबापांची तयारी असते, पण टीसीसाठी त्यांना पुढचा हप्ताही भरावा लागल्याचं मी पाहिलंय.