दहा लाखांखालच्या मूळ संख्या: x/ln x चं उत्तर दुप्पट का येतंय?

> दहा लाखांखाली मूळ संख्या किती याचा अंदाज x/ln x ने काढतोय. १,६६,६६७ येतंय, खरा आकडा ७८,४९८ म्हणे. सूत्रच चुकीचं आहे का?

१,६६,६६७ बघितल्याबरोबर दुखणं कळलं, कारण ते माझंही जुनंच. दहा लाखाला तुम्ही ६ ने भागलंय. ६ हा १० पायाचा लॉग, म्हणजे नुसती शून्यं मोजल्यासारखं. इथे हवा नैसर्गिक लॉग: ६ × २.३०२५८५ = १३.८१५५. त्याने भागा, ७२,३८२ येईल.

कॅल्क्युलेटरवर `log` नाही, `ln` दाबायचं. एक्सेलमध्येही `LOG(1000000)` ६ देतं, तिथे `LN` लागतं. पायथनमध्ये मात्र उलटं, `math.log` हाच नैसर्गिक. माझा सगळ्यात जास्त वेळ याच घोळाने खाल्ला, आणि त्याला कारण एका क्लासच्या नोट्स (नाव घेत नाही). सूत्रात नुसतं log छापायचं आणि पाया कुठला ते सांगायचंच नाही, ही कसली शिकवणी?

आता ७२,३८२ सुद्धा ६,११६ ने कमी पडतं, म्हणजे जवळपास ८ टक्के. ही तुमची चूक नाही. t या संख्येच्या आसपास साधारण दर ln t संख्यांमागे एक मूळ संख्या सापडते. दहा लाखाजवळ हे प्रमाण १३.८ मागे एक असं आहे, आणि सूत्र तेच प्रमाण शून्यापासून सगळीकडे लावतं. म्हणजे प्रत्येक लाखात ७,२३८ मूळ संख्या धरतं. शेवटच्या लाखात, ९ ते १० लाखांत, खरोखर ७,२२४ आहेत. तिथे अंदाज चपखल बसतो. पण पहिल्या लाखात ९,५९२ आहेत. तूट मुख्यतः सुरुवातीलाच पडते.

त्यामुळे माझं मत विचाराल तर हाताने करताना x/(ln x − १) वापरा. छेदातून १ वजा केला की १२.८१५५ उरतात आणि उत्तर ७८,०३० येतं. चूक ०.६ टक्के. परीक्षेत x/ln x च मागितलं असेल तर अर्थातच तेच लिहा, इथे शहाणपणा दाखवून गुण घालवू नका.

आणि हो, x वाढवला की फरक लगेच मिटेल असं समजू नका. १०० कोटींपर्यंत गेलात तरी सूत्र ५ टक्क्यांनी कमीच पडतं. १८९६ मध्ये सिद्ध झालेलं प्रमेय गुणोत्तर १ कडे जातं एवढंच सांगतं, किती लवकर ते नाही.

ताळा घ्यायला चाळणीचा प्रोग्राम लिहिलात आणि ७८,५०० आले, तर ० आणि १ खोडायचे राहिलेत.