काफ स्लीव्हचा साइज कसा ठरवायचा?

"पळताना पोटरीवर घालायला काफ स्लीव्ह घ्यायचे आहेत. टी-शर्ट एल लागतो, पण घट्ट बसावेत म्हणून एम घेऊ का?"

नको. टी-शर्टचा साइज इथे उपयोगाचा नाही. सकाळी, पळायच्या आधी, उभं राहून पोटरीच्या सगळ्यात जाड भागाला टेप गुंडाळा. टेप टेकली पाहिजे, रुतता कामा नये. दोन्ही पाय मोजा आणि मोठं माप धरा. समजा ते ३९ सेंमी आलं आणि कंपनीच्या तक्त्यात एम ३४ ते ३८, एल ३८ ते ४२ असेल, तर एलच घ्या.

चांगला स्लीव्ह घोट्याशी जास्त आणि वर कमी दाबतो, त्यामुळे रक्त वर सरकायला मदत होते. लहान साइजमध्ये वरची कड गुडघ्याखाली करकचते आणि नेमकं उलटं होतं: रक्त खाली अडतं, घोटा सुजतो. शिवाय गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या गाठीजवळून संवेदना नेणारी एक नस अगदी कातडीखालून जाते. ती दाबली गेली की पावलाचा वरचा भाग बधिर होतो. मुंग्या आल्या किंवा बोटं पांढरी-निळी दिसली तर लगेच काढा. शिवणीचा हलका वण उठला तर चालतं, खोल खाच नको.

मधुमेह किंवा पायातल्या रक्ताभिसरणाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.