निबवर जर्मनी, क्लिपवर बाण

‘जुनं फाउंटन पेन हाती लागलंय. निबवर ‘इरिडियम पॉइंट जर्मनी’ कोरलंय, क्लिप बाणासारखी आहे. जवळून फोटो काढून लावलाय. कुठल्या कंपनीचं असेल?’

फोटो मोठा करून पाहिला. मला तरी हे पार्करची नक्कल केलेलं बिननावाचं पेन वाटतंय, आणि जर्मनीशी त्याचा संबंध असेलच असं नाही.

निबवरचं वाक्य हे कुणा कंपनीचं नाव नव्हे. ‘इरिडियम पॉइंट’ म्हणजे कागदाला टेकणारा कठीण धातूचा थेंब, आणि हल्ली त्यात इरिडियम बहुधा नसतंच. घाऊक निबांवर हा शिक्का सर्रास दिसतो, त्यातल्या बऱ्याच चीनमध्ये तयार झालेल्या असतात. सुरुवातीला मीही फसलो होतो. एका निबवर ‘वॉरंटेड १४ कॅरट’ वाचून दोन दिवस ‘वॉरंटेड’ नावाची कंपनी शोधत बसलो! तोही नुसता सोन्याचा कस सांगणारा सर्वसाधारण शिक्का. शिवाय निब वाकली की लोक ती बदलतात, त्यामुळे मूळची निब टिकेलच याची खात्री नाही. क्लिप सहसा कुणी बदलत नाही, म्हणून मी आधी तिच्याकडे बघतो.

पार्करने बाणाची क्लिप १९३३ पासून वापरली, आणि तिच्या नकलाही पुष्कळ निघाल्या. त्यामुळे नुसता बाण पाहून भागत नाही, क्लिप टोपणाला कशी धरलीय ते पाहावं लागतं. पार्कर ५१ मध्ये क्लिपच्या वरच्या टोकाला कडी असते आणि ती टोपणाच्या माथ्यावरच्या स्क्रूखाली आवळलेली असते. तुमच्या फोटोत क्लिप टोपणाच्या बाजूच्या फटीतून बाहेर आलीय, माथा सपाट आहे आणि पिसांच्या रेषाही उथळ, बोथट दिसतात. शिवाय ५१ ची निब आवरणाखाली झाकलेली असते, फक्त टोक बाहेर दिसतं. तुमची निब तर पूर्ण उघडी आहे, म्हणजे ५१ ची शक्यता तिथेच संपली. उघड्या निबेची आणि वेगळ्या जोडणीची पार्करही आहेत, म्हणून क्लिपवरून शंभर टक्के निकाल मी देणार नाही.

तो निकाल टोपणाच्या खालच्या कडेवर लागेल. पार्करच्या पेनावर तिथे बहुधा कंपनीचं नाव कोरलेलं असतं. १९८० च्या दशकातल्या पेनांवर सोबत एक इंग्रजी अक्षरही असतं. ‘क्वालिटीपेन’ या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमधल्या दहा अक्षरांना क्रमाने ० ते ९ आकडे दिलेले, आणि तो आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक.

टोपण खिडकीजवळ आडवं धरा, उजेड एका बाजूने येऊ द्या आणि कडेभोवती पेन फिरवत तीन-चार फोटो काढा. झिजलेली अक्षरं फ्लॅशमध्ये पुसट होतात, तिरप्या उजेडात उठून दिसतात. ते फोटो टाकले की पुन्हा पाहतो.