किंमत बदलली की महत्तम नफा किती बदलतो? एन्व्हलप प्रमेय एका साध्या पेढीवर

प्रश्न: किंमत वाढली की पेढी उत्पादनही वाढवते. मग नफ्यातील बदल काढताना एन्व्हलप प्रमेय उत्पादनातील हा बदल सोडून का देते? एखाद्या साध्या उदाहरणाने समजावाल का?

एन्व्हलप प्रमेयानुसार किंमत किंचित बदलली की महत्तम नफा किमतीच्या दर एककामागे त्या वेळच्या उत्पादनाइतकाच बदलतो. पण उत्पादनातील बदल त्यात सोडून दिला जात नाही. त्याचा नफ्यावरील निव्वळ परिणाम शून्य निघतो, म्हणून तो उत्तरात दिसत नाही. हे शून्य कोठून येते, ते आकडे मांडून पाहिले म्हणजे प्रमेय पाठ करण्याची गरज उरत नाही.

एक पेढी घेऊ, जी फक्त श्रम वापरते. L इतके श्रम लावले असता तिचे उत्पादन q = 2√L इतके होते. वस्तूची किंमत p आणि वेतनदर w हे दोन्ही बाजारात ठरतात. पेढीच्या हाती फक्त L आहे. तिचा नफा असा:

π = p·2√L − wL

L च्या सापेक्ष विकलन करून ते शून्य धरले की p/√L = w ही अट मिळते, म्हणजेच श्रमाच्या शेवटच्या एककाने मिळवून दिलेली रक्कम त्याच्या वेतनाइतकी होते. त्यावरून L* = p²/w² आणि q* = 2p/w. ही मूल्ये नफ्याच्या सूत्रात घातली की महत्तम नफा π* = p²/w असा येतो आणि त्याचे p च्या सापेक्ष विकलज 2p/w, म्हणजे नेमके q*, निघते.

आता हेच लांबच्या वाटेने करू. p = 20 आणि w = 10 घ्या. मग L* = 4, q* = 4 आणि नफा 80 − 40 = 40. किंमत वाढू लागली की नफ्यावर तीन परिणाम होतात. पहिला थेट परिणाम: आधीच विकल्या जाणाऱ्या 4 नगांवर जास्त किंमत मिळते, म्हणून किमतीच्या दर एककामागे 4. दुसरा, उत्पादन वाढल्याने येणारी जादा प्राप्ती: p × dq*/dp = 20 × 0.2 = 4. तिसरा, त्या उत्पादनासाठी लागलेल्या जादा श्रमाचा खर्च: w × dL*/dp = 10 × 0.4 = 4. दुसरा आणि तिसरा परस्परांना छेदतात आणि हाती पहिला उरतो. ही छेदाछेदी योगायोगाने होत नाही, कारण p/√L = w ही अट हेच सांगते की इष्टतम बिंदूपाशी श्रम किंचित वाढवल्याने प्राप्ती आणि खर्च सारखेच वाढतात.

विद्यार्थ्यांची चूक बहुधा येथेच होते: उत्पादन वाढते हे लक्षात घेऊन ते दुसरा परिणाम जोडतात, पण तिसरा वजा करायचा राहून जातो. उत्तर 4 ऐवजी 8 येते, जे प्रत्यक्षात एकूण प्राप्तीचे विकलज आहे, नफ्याचे नव्हे. आपले उत्तर q* च्या दुप्पट किंवा भलतेच मोठे आले, तर आधी खर्चाचे पद तपासावे.

हे विकलज एका बिंदूपाशी खरे असते. किमतीत मोठा बदल झाला तर ते अंदाजच देते. p = 22 झाली आणि पेढीने काहीच बदलले नाही, तर नफा 88 − 40 = 48 होतो, म्हणजे प्रमेयाने सांगितल्याप्रमाणे 8 ने वाढतो. पेढीने श्रम 4.84 पर्यंत वाढवले, तर नफा 48.4 होतो. जुळवून घेण्याचा लाभ एवढाच, 0.4. किंमत 21 पर्यंतच वाढवून पाहिली, तर हा लाभ 0.1 इतका राहतो: किमतीतील बदल निम्मा झाला की लाभ चौथ्या हिश्श्यावर येतो. बदल शून्याकडे नेला की तो किमतीतील बदलापेक्षा फार वेगाने नाहीसा होतो. मला स्वतःला प्रमेयाचे सर्वांत पटणारे रूप हेच वाटते. किंमत 18 पर्यंत घसरली तरी लाभ धनच असतो, कारण नफा 32 ऐवजी 32.4 राहतो. किमतीच्या सापेक्ष π* चा आलेख बहिर्वक्र असतो, तो याच कारणाने.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. किंमत पेढीच्या हाताबाहेर असेल तरच हा निष्कर्ष लागू होतो. मक्तेदार स्वतःच किंमत निवडतो. त्याच्यासाठी p हा बाहेरून दिलेला घटक नसतो, म्हणून त्याच्या बाबतीत मागणी किंवा कराचा दर यांसारखा खरोखर बाहेरचा घटक घेऊन विकलन करावे लागते. याउलट श्रमावर कमाल मर्यादा असेल, समजा L ≤ 3, आणि ती किमतीनुसार बदलत नसेल, तर प्रमेय मुळीच अडत नाही: p = 20 असताना पेढी 3 वरच थांबते आणि महत्तम नफ्याचे विकलज त्या वेळचे उत्पादन, म्हणजे 2√3, हेच राहते.