व्हेन नंतर विल का नाही लावायचं

अरे, तू लिहिलंयस ना 'आय विल कॉल यू व्हेन आय विल रीच पुणे', त्यातला दुसरा विल काढून टाक, 'व्हेन आय रीच पुणे' एवढंच पुरे. आपण 'पोचेन तेव्हा फोन करेन' म्हणतो म्हणून दोन्हीकडे विल येतो, पण आपणच 'पोचलो की फोन करतो' असंही म्हणतो ना, तिथे पोचलो हा तर चक्क भूतकाळ आहे आणि अर्थ पुढचाच! इंग्लिशमध्ये तिथे साधा वर्तमानकाळ येतो, पुढचं आहे हे मुख्य वाक्यातला विल सांगतो. अ‍ॅज सून अ‍ॅजचंही तसंच.

अनटिलमध्ये मात्र आपले लोक हमखास फसतात. 'तो येत नाही तोपर्यंत थांबेन' यातला नाही तसाच उचलून 'अनटिल ही डझन्ट कम' करतात. नाही अनटिलमध्येच आलेला असतो, म्हणून 'आय विल वेट अनटिल ही कम्स', आणि कम्सचा एस विसरू नकोस.

आता 'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम' मात्र बरोबर आहे, कारण इथे व्हेन म्हणजे 'कधी'. मराठीत 'कधी' बसत असेल तर विल चालतो, 'जेव्हा' किंवा 'की' बसत असेल तर नाही.