पन्नास रुपये उतरवले तर किती केक जास्त विकावे लागतील?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी नवी बेकरी आली आहे. ती अर्धा किलोचा पाइनॅपल केक २७० रुपयांना देते, आम्ही ३२० ला देतो. महिन्याला आमचे साधारण ७०० केक जातात. भाव २७० केला तर खप वाढून भरून निघेल का? — बेकरीमालक, कराड

भाव साधारण १६ टक्क्यांनी उतरतोय, म्हणून खपही १६-२० टक्के वाढला की जमलं, असा अंदाज बहुतेक जण बांधतात. इथेच गडबड होते. तुमचं दुकान ३२० रुपयांवर चालत नाही. एका केकमागे जे सुटतात, त्यांवर चालतं.

तुम्ही सोबत पाठवलेल्या आकड्यांवरून एका केकचा माल असा येतो: स्पंजला ४५ रुपये, क्रीमला ५०, क्रश-सिरप-सजावटीला ३०, बॉक्स, बोर्ड, सुरी आणि मेणबत्ती मिळून ३५, गॅस १० आणि नासाडीपोटी १०. एकूण १८०. हा खर्च केक केला तरच होतो. ३२० मधून १८० गेले, सुटले १४०. भाव २७० केला तर माल तेवढाच लागणार, सुटणार फक्त ९०. म्हणजे ग्राहकाला भाव १६ टक्क्यांनी उतरलेला दिसतो, पण तुमच्या गल्ल्यात केकमागे पडणारी रक्कम ३६ टक्क्यांनी घटते.

आता बांधील खर्च, म्हणजे एकही केक विकला नाही तरी द्यावाच लागणारा. भाडं, कारागीर, हेल्पर, काउंटरवरची मुलगी, फ्रीजरचं लाइट बिल आणि ओव्हनचा हप्ता मिळून तुमचे महिन्याला ८०,००० जातात. ते केकमागे सुटणाऱ्या रकमेने भागले की ना नफा ना तोटा होण्यापुरते केक कळतात.

३२० च्या भावाला: ८०,००० ÷ १४० = ५७२ केक, रोजचे १९.
२७० च्या भावाला: ८०,००० ÷ ९० = ८८९ केक, रोजचे ३०.

पण नुसता तोटा टाळायला कुणी भाव उतरवत नाही. आज ७०० केकांवर तुमचे ९८,००० सुटतात. त्यातून ८०,००० गेले की हातात १८,००० राहतात. तेवढेच १८,००० नव्या भावात हवे असतील तर ९८,००० ÷ ९० = १,०८९ केक विकावे लागतील. खप ५६ टक्क्यांनी वाढायला हवा, आणि तेव्हा कुठे तुम्ही आज जिथे आहात तिथे याल.

१,०८९ म्हणजे रोजचे ३६. तुमचा कारागीर एका केकच्या आयसिंगला १२ मिनिटं घेतो, असं तुम्ही लिहिलंय. ३६ केक म्हणजे सव्वासात तास नुसता टर्न टेबलसमोर. स्पंज कापणं, क्रीम फेटणं आणि नाव लिहिणं वेगळंच. शिवाय रोजचे ३६ ही सरासरी झाली. मंगळवारी वीस जातील आणि रविवारी साठ मागतील. साठ केक म्हणजे बारा तास आयसिंग, ते एका हाताला झेपणार नाही. ओव्हन आणखी केक पेलेल, अडणार ते आयसिंगला. मग १५,००० पगारावर दुसरा आयसिंगवाला ठेवलात की गणित पुन्हा बदलतं: १,१३,००० ÷ ९० = १,२५६ केक, रोजचे ४२. जो खप गाठायला माणूस ठेवला, त्या माणसामुळेच लक्ष्य आणखी १६७ केकांनी पुढे सरकलं.

कराडच्या एका गल्लीत रोज २३ चे ४२ केक होतील का, हे तुम्ही मला जास्त चांगलं सांगाल. मला ते कठीण दिसतं. समोरचा गप्प बसून २७० वरच राहील, हेही आपण धरूनच चाललोय.

एका केकचा खरा खर्च काढायचा कसा? कारागीर म्हणतो १५० लागतात, माझ्या बिलांवरून २०० च्या वर जातात. — वाचक, लातूर

कारागीर रेसिपीतला माल सांगतो. बिलांत वाया गेलेला, सांडलेला आणि घरी गेलेला मालही असतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत, हिशोबाला मात्र बिलांच्या जवळचा घ्या.

माझ्या ओळखीच्या एका बेकरीत मी एकदा दुपारभर वजनकाटा घेऊन बसलो होतो. बोर्डासकट केक ठेवायचा आणि बोर्डाचं वजन वजा करायचं. अर्ध्या किलोच्या नावाखाली बाहेर पडणारे केक ५३० ते ५६० ग्रॅमचे निघाले. कारागीर बिचारा हात आखडत नव्हता एवढंच. कडेला एक जादा थर, वर दोन जादा फुलं, आणि नोझलच्या पिशवीत उरलेलं क्रीम शेवटच्या केकवर. २०० रुपये किलोचं क्रीम धरलं तर ४० ग्रॅम जादा म्हणजे ८ रुपये.

१४० सुटत असताना ८ रुपये कुणाच्या लक्षात येत नाहीत. ९० सुटायला लागले की तेच ८ रुपये जाऊन ८२ उरतात. वरच्या कराडच्या उदाहरणात ९८,००० सुटायला मग १,०८९ ऐवजी १,१९६ केक लागतील. एका हाताच्या सैलपणापायी शंभराहून जास्त केक! भाव उतरवायचा विचार करण्याआधी आठवडाभर केक मोजून बघा, असं मी म्हणतो ते यासाठी.

सोपी रीत अशी. महिन्याच्या पहिल्या तारखेला प्रीमिक्स, क्रीम, क्रश, बॉक्स यांचा साठा मोजून ठेवा. महिन्याची खरेदी त्यात मिळवा आणि अखेरीला उरलेला साठा वजा करा. जे येईल त्याला *विकलेल्या* केकांनी भागा, केलेल्या नव्हे. शोकेसमध्ये आंबून टाकून दिलेल्या केकचा माल विकलेल्यांनीच सोसायचा असतो. पेस्ट्री, खारी, पॅटिस एकाच भट्टीत होत असतील तर मैदा आणि गॅस वाटून घ्यावा लागेल. तो अंदाजाने वाटला तरी चालेल, क्रीम आणि बॉक्सचा हिशोब मात्र अंदाजाने करू नका.

कारागिराला महिन्याचा पगार असेल तर तो बांधील खर्चात धरा. नगावर पैसे देत असाल तर केकच्या खर्चात. दोन्हीकडे धरू नका. ही चूक मी वह्यांमध्ये वारंवार बघतो.

जीएसटी या हिशोबात कुठे बसतो? केकवरचा कर कमी झाला, त्यातूनच भाव कमी करता येईल ना? — बेकरीचालक, चिपळूण

तुम्ही कोणत्या पद्धतीत आहात त्यावर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून केक-पेस्ट्रीवरचा दर १८ वरून ५ टक्के झाला. तुम्ही नेहमीच्या पद्धतीत नोंदणी केलेली असेल आणि ३२० हा करासकट भाव असेल, तर तुमच्या वाट्याला ३२० येत नाहीत. ३२० ÷ १.०५ = ३०४.७६ येतात. हिशोब याच आकड्यापासून सुरू करायचा. त्याचबरोबर ज्या खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, ती खरेदीही कर वगळून धरायची. एका बाजूला करासकट आणि दुसऱ्या बाजूला कर सोडून असं मिसळलं की उत्तर चुकलंच.

कंपोझिशनमध्ये असाल तर ग्राहकाकडून कर वेगळा घेता येत नाही, उलाढालीवर एक टक्का आपल्या खिशातून जातो, क्रेडिट मिळत नाही. ३२० च्या केकमागे ३ रुपये २० पैसे खर्चात मिळवा आणि पुढे चला. पण दर १८ चा ५ झाला याचा तुमच्या विक्रीवर थेट काही फरक नाही, त्यामुळे त्यातून भाव कमी करायला वेगळी जागा निघत नाही.

डिलिव्हरी ॲपवर २७० ला केक ठेवला तर खप नक्की वाढेल. तिथे ठेवू का? — घरगुती बेकर, डोंबिवली

समजा ॲपचं कमिशन २५ टक्के आहे. २७० मधून साडेसदुसष्ट गेले. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १२ रुपये, आणि क्रेडिट मिळत नसेल तर तेही तुमचेच. उरले १९०. माल वरच्या कराडच्या केकसारखाच १८० चा धरला, तर केकमागे दहा रुपये सुटले, आणि एक केक उलटा होऊन परत आला की अठरा केकांची कमाई गेली. तुमचा करार बघून खरा टक्का घाला, पण दुकानाचा भाव जसाच्या तसा ॲपवर ठेवू नका.

सगळ्या केकांचा भाव न उतरवता फक्त पाइनॅपलचा उतरवला तर? आणि आधी करून बघायचं असेल तर कसं बघावं? — बेकरीमालक, कराड (दुसरं पत्र)

एकाचाच उतरवणं बरं, पण शेजारच्या केकवर लक्ष ठेवा. तुमचा चॉकलेट ट्रफल ४२० ला जातो, माल २३० चा, सुटतात १९०. त्याचा ग्राहक स्वस्त पाइनॅपलकडे वळला तर वहीत पाइनॅपलचा खप वाढलेला दिसेल आणि तुमचे मात्र १०० रुपये गेलेले असतील. महिन्यात असे ६० जण वळले तर ६,००० गेले. ते भरून काढायला ६७ नवे पाइनॅपल लागतील. म्हणून फक्त पाइनॅपल मोजू नका, रोज सगळ्या केकांमागे मिळून किती सुटले ते लिहा.

करून बघायला बोर्डावरचा ३२० पुसू नका. खाली 'अमुक तारखेपर्यंत २७०' असा कागद लावा, कारण एकदा पुसलेला भाव परत लिहिताना ग्राहक भांडतो. तीन आठवडे पुरेत. नाताळ, नववर्ष आणि १४ फेब्रुवारीचा आठवडा टाळा, त्या दिवसांत केक कुठल्याही भावाला जातो. आधीच्या तीन आठवड्यांचे वारानुसार आकडे हाताशी ठेवा: रविवार रविवारशी ताडायचा, मंगळवार मंगळवारशी. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी रोजची सरासरी ३० च्या खाली असेल तर कागद काढून टाका, तिसरा आठवडा कशाला घालवायचा.

आणि कागद काढल्यावर एकदा उलटी बाजूही मांडून बघा. भाव ३५० केला तर केकमागे १७० सुटतात आणि ९८,००० ला ५७७ केक पुरतात. म्हणजे सातशेतले १२३ गिऱ्हाईक नव्या बेकरीकडे गेले तरी तुमचे १८,००० शाबूत राहतात, आणि कारागीर रोज तासभर आधी मोकळा होतो. त्या वेळात तो ट्रफल करू शकतो.